डेंगीला कॉखचे नियम लावताना या चुका टाळा

पावसाळ्यात ठाण्यात डेंगीचे रुग्ण वाढले की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘कॉखचे नियम पूर्ण होत नाहीत, मग विषाणूमुळे आजार होतो हे सिद्ध कुठे झालंय?’ मायक्रोबायोलॉजीची मुलंही परीक्षेत याच ठिकाणी चुकतात.

जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, त्यामागच्या तर्कालाच कॉखचे नियम म्हणतात: जंतू प्रत्येक रुग्णात सापडावा, निरोगी माणसात सापडू नये, शरीराबाहेर शुद्ध वाढवता यावा, तो निरोगी प्राण्याला टोचल्यावर तोच आजार व्हावा आणि त्या प्राण्यातून तोच जंतू परत मिळावा.

पहिली चूक म्हणजे ‘निरोगी माणसात सापडू नये’ ही अट आजही धरून बसणं. कॉलऱ्याचे जंतू धडधाकट माणसांतही आढळल्यावर खुद्द कॉख यांनीच ती सैल केली. डेंगीत तर बहुतेक संसर्ग लक्षणांविनाच होऊन जातात. समजा, घोडबंदर रोडवरच्या एका घरात चौघांना तोच विषाणू असलेले डास चावले आणि तापाने एकटी आईच फणफणली. बाकी तिघांच्या रक्तात संसर्गाची खूण मिळाली, तर त्यामुळे विषाणू निर्दोष ठरत नाही. कोण किती आजारी पडेल हे त्या माणसाच्या प्रतिकारशक्तीवरही ठरतं. डेंगीचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा संसर्ग झाला तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो.

दुसरी चूक म्हणजे जिवाणू वाढवायच्या अगारच्या प्लेटवर विषाणू वाढायची वाट बघणं. प्लेट कितीही दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवा, ती कोरीच राहील, कारण विषाणूला जिवंत पेशी लागते. डेंगीचा विषाणू प्रयोगशाळेत डासाच्या पेशींत वाढवतात. टोचून बघायची अटही इथे अडते. माकडात विषाणू वाढतो, पण माणसासारखा आजार सहसा होत नाही.

मग पुरावा कुठून आला? 1907 मध्ये फिलिपिन्समधल्या मनिलात अॅशबर्न आणि क्रेग या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी डेंगीच्या रुग्णाचं रक्त जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं आणि निरोगी माणसांना टोचलं. त्यांना डेंगी झाला. कारण जिवाणूहून बारीक आहे, हे विषाणू कुणी डोळ्यांनी पाहण्याआधीच कळलं. आज असा प्रयोग इतक्या सहज कुणी करणार नाही.

उलट्या बाजूची चूकही तितकीच वाईट: एखादी टेस्ट पॉझिटिव्ह आली की हाच ताप त्याच विषाणूचा, असं ठरवून टाकणं. संसर्गाविरुद्ध शरीर तयार करतं ती आयजीएम अँटिबॉडी ताप उतरल्यावरही काही महिने रक्तात राहू शकते, म्हणजे ती जुन्या संसर्गाचीही असेल. म्हणून काळाचा क्रम बघा. तापाच्या पहिल्या दिवसांत विषाणूचं एनएस1 हे प्रथिन किंवा विषाणूचा आरएनए सापडतो. आयजीएम साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती निगेटिव्ह आली म्हणून डेंगी नाही असं समजू नका. आठ-दहा दिवसांनी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात अँटिबॉडी चौपट वाढलेली असेल, तर या तापाशी विषाणूचा संबंध पक्का धरता येतो.