कथिलाच्या वस्तुमानांतून न्यूट्रॉनची जोडी कशी ओळखावी

अणुकेंद्रकात न्यूट्रॉन न्यूट्रॉनशी आणि प्रोटॉन प्रोटॉनशी जोडी जमवतात, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. पण ही जोडी कागद आणि कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः मोजता येते, आणि त्यासाठी कथिलासारखं दुसरं मूलद्रव्य नाही. कथिलाचे १० स्थिर समस्थानिक आहेत, सगळ्या मूलद्रव्यांत सर्वाधिक. शेजारच्या इंडियम आणि अँटिमनीकडे नैसर्गिक समस्थानिक प्रत्येकी दोनच. कथिलात प्रोटॉन ५०, म्हणजे सम. इंडियममध्ये ४९, अँटिमनीत ५१. हा फरक कुठून येतो, तेच आपल्याला काढायचं आहे.

आधी योग्य आकडे घ्या. आवर्तसारणीत कथिलापुढे ११८.७१ लिहिलेलं असतं. तो आकडा इथे कामाचा नाही, कारण ती दहाही समस्थानिकांची सरासरी आहे. पहिल्यांदा हे गणित करताना मी तोच उचलला होता आणि उत्तर शेकडो एमईव्हीमध्ये आलं. (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट.) आपल्याला प्रत्येक समस्थानिकाचं स्वतंत्र अणुवस्तुमान हवं, तेही दशांशानंतर सहा स्थळांपर्यंत. इतकी काटेकोर मोजणी कशाला? वस्तुमानाचं एक एकक म्हणजे ९३१.४९४ एमईव्ही. त्यामुळे दशांशाच्या दुसऱ्या स्थळी एकाची चूक झाली तरी ९ एमईव्हीहून जास्त फरक पडतो, आणि आपण शोधतोय तो परिणाम एक-दीड एमईव्हीचा आहे.

हवे असलेले आकडे असे: कथिल-११८ चं वस्तुमान ११७.९०१६०७, कथिल-११९ चं ११८.९०३३११, कथिल-१२० चं ११९.९०२२०३ आणि सुट्या न्यूट्रॉनचं १.००८६६५.

मग एकेक न्यूट्रॉन उपटून पाहा. केंद्रकातून शेवटचा न्यूट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते, हे वजाबाकीने कळतं. आधीच्या समस्थानिकाचं वस्तुमान अधिक न्यूट्रॉनचं वस्तुमान, त्यातून या समस्थानिकाचं वस्तुमान वजा. इलेक्ट्रॉन दोन्हीकडे ५०च असल्याने ते आपोआप कटतात.

कथिल-११९ साठी:
११७.९०१६०७ + १.००८६६५ − ११८.९०३३११ = ०.००६९६१, म्हणजे ६.४८ एमईव्ही.

कथिल-१२० साठी:
११८.९०३३११ + १.००८६६५ − ११९.९०२२०३ = ०.००९७७३, म्हणजे ९.१० एमईव्ही.

११९ मधला एकोणसत्तरावा न्यूट्रॉन एकटा आहे, तो साडेसहात सुटतो. १२० मधला सत्तरावा जोडीदारासह आहे, त्याला नऊच्या वर मोजावे लागतात. हेच ११७ पासून १२२ पर्यंत केलं तर आकडे येतात ६.९४, ९.३३, ६.४८, ९.१०, ६.१७, ८.८१. आलेखावर मांडा, करवतीचे दाते दिसतील.

आता दाताची उंची मोजा, पण उतार वगळून. करवत उजवीकडे हळूहळू खाली झुकलेली आहे. न्यूट्रॉनांची संख्या प्रोटॉनांच्या मानाने वाढत गेली की नवा न्यूट्रॉन थोडा कमी घट्ट बसतो, त्याचा हा उतार. तो जोडीच्या हिशेबात घुसू नये म्हणून ९.१० ची तुलना एका शेजाऱ्याशी करू नका, दोन्हीकडच्या सरासरीशी करा. ६.४८ आणि ६.१७ यांची सरासरी ६.३३ धरली, तर फरक २.७७ आणि त्याचा अर्धा सुमारे १.४ एमईव्ही. अर्धा अशासाठी, की जोडी जमल्याने सम आकडा तितकाच वर सरकतो आणि जोडी नसल्याने विषम आकडा तितकाच खाली. पुस्तकातलं ढोबळ सूत्र १२ भागिले वस्तुमानांकाचं वर्गमूळ असं आहे. ते इथे १.१ देतं, कारण ते सगळ्या केंद्रकांवर सरासरी बसवलेलं आहे.

ही पद्धत कुठे फसते तेही सांगतो. कथिल-१३२ मध्ये ८२ न्यूट्रॉन होतात आणि न्यूट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांचा एक गट, म्हणजे कवच, पूर्ण भरतं. पुढच्या १३३ मध्ये शेवटचा न्यूट्रॉन अवघ्या २.४ एमईव्हीच्या आसपास सुटतो. हा कोसळता आकडा पाहून 'जोडी केवढी मजबूत' असं वाटेल, पण त्यातला बराचसा भाग नव्या कवचात जावं लागल्याचा आहे. ओळखण्याची खूण सोपी: जोडीचे दाते एकाआड एक येत राहतात, कवचाची पायरी एकदाच येते आणि त्यानंतर सगळी करवतच खालच्या पातळीवर चालते.

जोडी जमते कशामुळे? एकाच कक्षेतले दोन न्यूट्रॉन विरुद्ध दिशांनी फिरतात तेव्हा त्यांचा एकमेकांशी सहवास सर्वात जास्त असतो, आणि केंद्रकीय बल तर अगदी जवळूनच ओढणारं. दोघांचे परिवलन एकमेकांना पूर्ण रद्द करतात. म्हणूनच आजवर मोजलेल्या प्रत्येक सम-सम, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम असलेल्या, केंद्रकाचं मूळ स्थितीतलं परिवलन शून्य आहे.

जोडी तुटली की काय होतं, ते तांब्यात पाहा. तांब्याचे स्थिर समस्थानिक ६३ आणि ६५. मधला ६४ गायब. त्यात २९ प्रोटॉन आणि ३५ न्यूट्रॉन, दोन्हीकडे एकेक एकटा. वस्तुमानांक ६४ चे तीन शेजारी मांडा: निकेल ६३.९२७९६६, तांबं ६३.९२९७६४, जस्त ६३.९२९१४२. तांबं दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा जड आहे, निकेलपेक्षा १.६८ एमईव्हीने आणि जस्तापेक्षा ०.५८ ने. त्यामुळे ते क्षय पावून दोन्ही बाजूंना घसरतं आणि त्याचं अर्धायुष्य अवघं १२.७ तास. निकेल आणि जस्त दोन्ही सम-सम, दोन्ही टिकून. जस्त निकेलपेक्षा जड असूनही त्याला तिथे जायचं तर वाटेत तांब्याची टेकडी आडवी येते.

हीच गोष्ट सम वस्तुमानांकांवर पुन्हा पुन्हा घडते. आजवर क्षय न दिसलेली केंद्रकं साधारण अडीचशे आहेत. त्यांतली दीडशेच्या आसपास सम-सम आहेत आणि विषम-विषम एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

शेवटी प्रमाण तपासा, पण घाईने ते बंधनऊर्जेच्या, म्हणजे केंद्रक किती घट्ट बांधलेलं आहे याच्या, खात्यावर टाकू नका. नैसर्गिक कथिलात विषम समस्थानिक (११५, ११७, ११९) मिळून १६.६ टक्के, बाकी ८३.४ टक्के सम. पण ११९ सुद्धा स्थिरच आहे, मग ते ८.६ टक्के आणि १२० तब्बल ३२.६ का? इथे ताऱ्यांमधली घडण येते. जड केंद्रकं तिथे एकेक न्यूट्रॉन गिळत वाढतात. ११९ ने न्यूट्रॉन घेतला तर जोडी जमते आणि वर काढलेले ९.१ एमईव्ही मोकळे होतात. १२० ने घेतला तर ६.२ च. म्हणून ११९ ची न्यूट्रॉन गिळण्याची शक्यता १२० च्या सुमारे पाचपट आहे. जे भराभर पुढे जातं ते कमी साठतं, जे रेंगाळतं ते साचतं. साठ्याचं गुणोत्तर ३.८ येतं, पाच नाही, कारण दोघांचाही काही वाटा वेगळ्या, वेगवान मार्गाने आलेला आहे.

हलक्या केंद्रकांत मात्र हा हिशेब सरळ चालत नाही. कार्बन-१२, ऑक्सिजन-१६, मॅग्नेशियम-२४ विपुल आहेत ते मुख्यतः हेलियमची केंद्रकं एकमेकांना जोडत गेल्यामुळे. आणि नायट्रोजन-१४ तर ७ प्रोटॉन, ७ न्यूट्रॉन, म्हणजे चक्क विषम-विषम, तरी निसर्गातला ९९.६ टक्के नायट्रोजन तोच. इतक्या हलक्या केंद्रकात दोन्ही संख्या सारख्या असण्याचा फायदा जोडीच्या तोट्यावर मात करतो. शिवाय ताऱ्यातल्या कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्रात सर्वात संथ पायरी याच केंद्रकाची असल्याने माल तिथेच तुंबून राहतो.