प्रॉम्प्ट म्हणजे पर्यायी मजकूर नव्हे

जमिनीवरचे जड खोके कसे उचलावे, या विषयावरील एका लेखासाठी मी एआयकडून चित्र तयार करून घेतले आणि त्याचा पर्यायी मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडर चित्राच्या जागी वाचून दाखवतो ते वर्णन, वेगळे लिहिण्याचा कंटाळा केला. चित्र मागताना दिलेला प्रॉम्प्टच मी तेथे चिकटवला: ‘गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून जड खोके उचलणारी स्त्री, सकाळचे कोवळे ऊन, जलरंग शैली, भरपूर बारकावे’. लेख तपासणाऱ्या माझ्या अंध सहकाऱ्याने तो ऐकून दोनच प्रश्न विचारले. खोके तिने अंगाजवळ धरले आहे की लांब? आणि पाय जुळलेले आहेत की फाकलेले? उत्तर देण्यासाठी मी चित्र प्रथमच नीट पाहिले, तेव्हा लक्षात आले की त्यातील स्त्रीचे गुडघे जवळजवळ ताठ होते आणि ती कमरेतून पुढे वाकली होती. लेखात जी पद्धत टाळायला सांगितली होती तीच चित्रात होती. डोळस वाचकाला ती चूक निदान दिसली असती, पण माझ्या सहकाऱ्याला मी चित्रात नसलेली गोष्ट सांगितली होती.

प्रॉम्प्ट ही मागणी असते आणि पर्यायी मजकुरात हाती काय आले ते सांगायचे असते. छायाचित्रकाराला आपण काय टिपले हे माहीत असते. तयार करून घेतलेल्या चित्रात मात्र मागितलेले गळते आणि न मागितलेले शिरते. म्हणून मी आता प्रॉम्प्ट बंद करून, ते चित्र दुसऱ्या कोणी पाठवले आहे असे समजून पाहतो. माणसे किती, हात कोठे, नजर कोणीकडे, पाटीवरची अक्षरे वाचता येतात का, हे तपासतो. देवनागरी अक्षरे तर अशा चित्रांत वारंवार निरर्थक उमटतात. चित्रच चुकले असेल, तर वर्णनाने ते सुधारत नाही. नवे चित्र घ्यावे लागते. या लेखासाठीही तेच करावे लागले, आणि नव्या चित्रासाठी मी असे लिहिले:

```html
<img src="khoke-2.png" alt="स्त्री गुडघे आणि खुबे वाकवून खाली बसली आहे. पाठ सरळ, पाय खांद्यांइतके फाकलेले, खोके दोन्ही हातांनी छातीशी धरलेले.">
```

यात ऊन नाही आणि जलरंगही नाहीत, कारण लेख शरीराच्या स्थितीविषयी आहे. हेच चित्र रंगकामाच्या पाठात असते, तर कागदावर पसरलेल्या रंगाबद्दल लिहिले असते आणि पायांमधील अंतर गाळले असते. सुरुवातीला ‘चित्रात दिसते की’ असेही लिहू नये. हे चित्र आहे, ही घोषणा स्क्रीन रीडर स्वतःच करतो. मजकूर दोन-तीन वाक्यांत आटोपावा, कारण त्यात परिच्छेद किंवा मथळे धरून पुढे-मागे जाता येत नाही. त्याहून अधिक सांगायचे असेल, तर ते लेखातच सर्वांसाठी लिहावे.

केवळ शोभेच्या चित्राला रिकामा `alt=""` द्यावा, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढे जातो. `alt` अजिबात न लिहिणे ही वेगळी गोष्ट आहे. तसे केल्यास काही स्क्रीन रीडर फाइलचे नाव वाचू लागतात, आणि तयार केलेल्या चित्रांच्या फाइलना बहुधा प्रॉम्प्टचे तुकडे आणि आकड्यांची लांबलचक शेपटी असते.

चित्र एआयने तयार केले आहे हे कोठे सांगावे, यावर आमच्यात बराच वाद झाला. माझे मत असे की ही माहिती डोळस वाचकालाही हवी असते, म्हणून ती चित्राखालच्या ओळीत द्यावी. ओळ तेथे असेल, तर पर्यायी मजकुरात तेच पुन्हा ऐकवू नये. मात्र छायाचित्रासारख्या दिसणाऱ्या चित्राखाली अशी ओळ देण्याची सोय नसेल, तर पर्यायी मजकुरात ‘एआयने तयार केलेले’ हे शब्द अवश्य घालावेत.

तपासणीसाठी मी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरतो. त्यात `G` दाबून एकेका चित्रावर जाता येते. पण मी तेवढ्यावर न थांबता पडदा झाकून आधीचा परिच्छेद, चित्र आणि नंतरचा परिच्छेद सलग ऐकतो. परिच्छेदात आलेलेच वाक्य चित्राने पुन्हा ऐकवले, तर ते काढून टाकतो. पानाच्या `lang` मध्ये `mr` आहे ना, हेही पाहतो, नाहीतर मराठी मजकूर भलत्याच भाषेच्या आवाजात वाचला जाण्याचा धोका असतो.

एवढे करूनही त्या लेखात आणखी एक चूक झालीच. पुढे रंगसंगतीसाठी कोणीतरी चित्र पुन्हा तयार करून त्याच नावाने ठेवले. नव्या चित्रात एक पुरुष होता आणि खोके हातभर पुढे धरलेले होते, तर पर्यायी मजकूर जुन्या स्त्रीचाच राहिला. तेव्हापासून आम्ही प्रत्येक नव्या चित्राला नवे फाइलनाव देतो, म्हणजे ते नाव पानावर बदलताना शेजारचा `alt` डोळ्यांसमोर येतो.