दोन दिवसांत थांबलेली खाज आणि आठ महिने टिकलेला नायटा

जांघेत नाण्याएवढा नायटा उठला. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने दोन दिवसांत खाज गेली, मी खूश. लावणं थांबवलं की आठवड्यात दुप्पट उसळायचा. असे आठ महिने गेले. चकतीची लाल कड पुसट होत ती मांडीभर पसरली, मग बायकोच्या कमरेला आणि मुलाच्या मानेवरही आला.

त्वचारोगतज्ज्ञांनी आधी ट्यूबच मागितली. तिच्यावर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल लिहिलं होतं, म्हणजे स्टेरॉइड. ते त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं. म्हणून खाज थांबते, पण नायट्याची बुरशी निवांत वाढते. मांडीवरच्या पांढुरक्या रेघा त्याच क्रीमच्या, त्या आता जन्माच्या.

ते क्रीम बंद केल्यावर पहिला आठवडा खाजेने जीव नकोसा झाला. डॉक्टरांनी मला बुरशी मारणाऱ्या इट्राकोनाझोलच्या गोळ्या आणि तिघांनाही एकाच वेळी बुरशीवरचंच ल्युलिकोनाझोल क्रीम दिलं. चट्ट्याच्या बाहेरही दोन बोटं लावायचं आणि त्वचा स्वच्छ दिसू लागल्यावर आणखी दोन आठवडे चालू ठेवायचं. टॉवेल वेगळे केले, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवले. अंतर्वस्त्रांना इस्त्री करताना आई हसायची! दोन महिन्यांनी तिघेही मोकळे झालो.