व्हिडिओ चालला, पण त्यावरचा लेख आणि ऑडिओ चालेना: माझा अनुभव

आमचा इंदुरी गराडूचा, म्हणजे मसाला लावलेल्या तळलेल्या कंदाचा, व्हिडिओ जोरात चालला. त्यावरचा लेख आणि ऑडिओ मात्र लोक अर्ध्यात सोडत. सगळं बोलणं उतरवलं, मग छाटलं, तरी फरक नाही. फार वैताग आला.

शेवटी यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये प्रेक्षक कुठवर टिकले याचा आलेख उघडला. मधला उंचवटा म्हणजे बहुधा पुन्हा पाहिलेला भाग. सपाट रेघ म्हणजे न सोडता पाहिलेला. सुरुवातीची उंची मोजू नका, ती सगळ्याच व्हिडिओंना असते.

आधी उंचवटे घेतले. दोनदा तळण्याचं कॅरोसेल केलं, एका स्लाइडवर एकच कृती. मसाल्याचं प्रमाण लेखात सर्वांत वर नेलं. आजी इंदूरच्या सराफा बाजारातल्या तळणीबद्दल बोलते तो सपाट भाग ऑडिओला दिला. त्यातलं "हे बघा, असा रंग" ऐकणाऱ्याला कळत नाही. तिथे "कडा तांबूस झाल्या की काढायचं" असं आजीकडून नव्याने रेकॉर्ड करून घेतलं.