२.४ की ५ गिगाहर्ट्झ? घरातलं कोणतं उपकरण कोणत्या वायफायला जोडायचं

माझी ताई घोडबंदर रोडला कासारवडवलीत चौदाव्या मजल्यावर राहते. टू बीएचके घर, १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन. तरी तिच्याकडे गेलं की वायफायच्या तीन तक्रारी हमखास ऐकू यायच्या. हॉलमधला टीव्ही राउटरपासून जेमतेम चार फुटांवर, पण संध्याकाळी मालिका लावली की गोल चक्र फिरत बसायचं. भाचा म्हणायचा, "मामा, हॉलमध्ये कॉल मस्त चालतो, माझ्या खोलीत आलो की आवाज तुटतो." आणि नवा स्मार्ट बल्ब काही केल्या जोडला जात नव्हता. तिन्हींचं मूळ एकच होतं: राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर वायफाय देतो, आणि कोणतं उपकरण कोणत्या बँडवर आहे, हे कुणी ठरवलंच नव्हतं. एका रविवारी बसून ते ठरवलं. त्याच क्रमाने इथे सांगतो.

आधी फरक समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी सोपी जाते. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते, ५ ची त्याच्या निम्म्याहून कमी. २.४ भिंतीतून बऱ्यापैकी पार होतं, तर ५ भिंतीत लवकर संपतं. पण ५ ला जागा ऐसपैस आहे. बँडमध्ये चॅनल म्हणजे रस्त्यावरच्या लेनसारख्या वाटा असतात, आणि २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल फक्त तीन: १, ६ आणि ११. टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी इथे जरा थांबून विचार करावा. ताईच्या हॉलमध्ये उभा राहून मी मोजलं तेव्हा सत्तावीस नेटवर्कं दिसत होती, वरच्यांची, खालच्यांची, समोरच्या विंगची. ती जवळजवळ सगळी २.४ ची, आणि सगळ्यांना मिळून तेच तीन चॅनल. एक बोलत असेल तर दुसऱ्याने थांबायचं, असा वायफायचा नियमच आहे. म्हणजे लांब पोचणं हा २.४ चा गुण टॉवरमध्ये त्याचाच दोष होतो. शेजाऱ्यांचं ५ मात्र त्यांच्या भिंतीतच बरंचसं अडतं, म्हणून आपल्या घरातलं ५ मोकळं राहतं.

पहिली पायरी, दोन्ही बँडना वेगळी नावं देणे. फोन वायफायला जोडलेला असताना ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 टाका. नेमका पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. वायरलेस सेटिंगमध्ये दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवणारं "Smart Connect" किंवा "Band Steering" असं काही चालू असेल तर ते बंद करा. मग दोन नावं द्या, समजा Ghar_2 आणि Ghar_5. पासवर्ड दोन्हीला एकच ठेवला तरी चालतो. नावातल्या ५ चा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, हे ताईला दोनदा सांगावं लागलं. ज्या घरात काहीच अडत नाही, तिथे एकच नाव राहू द्यावं. घरभर हिंडणाऱ्या फोनसाठी ते सोयीचंही असतं.

दुसरी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: अंदाजाने न ठरवता जागेवर मोजणे. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप घ्या. त्यात सिग्नलची ताकद उणे आकड्यात, डीबीएममध्ये दिसते. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त चालतो, उणे ७५ च्या खाली गेलं की अडखळायला लागतो. उपकरण जिथे वापरायचं नेमकं तिथेच फोन धरा, दार रोज जसं असतं तसं ठेवा, दोन्ही नावांचा आकडा लिहा आणि दोन्हींवर एकेक स्पीड टेस्ट घ्या.

ताईकडे हॉलमध्ये ५ चा आकडा उणे ४४ आला, वेग ९४ एमबीपीएस. तिथेच २.४ ची ताकदही उत्तम, उणे ३८, पण वेग ३०, आणि संध्याकाळी तो ९ वर आला. टीव्हीचं दुखणं हेच होतं. सिग्नल भरपूर होता, पण तीन चॅनलवरच्या गर्दीत टीव्हीची पाळीच येत नव्हती. टीव्ही Ghar_5 ला जोडला आणि चक्र थांबलं. काही स्वस्त टीव्हींमध्ये ५ ची सोयच नसते. टीव्हीच्या यादीत ५ चं नाव दिसलंच नाही, तर राउटरपासून लॅन केबल ओढणं हा सरळ उपाय.

भाच्याची खोली टोकाला आहे. मध्ये आरसीसीची एक भिंत आणि बाथरूमची एक, म्हणजे काँक्रीट, सळया, टाइल आणि पाण्याचे पाइप. तिथे ५ चा आकडा उणे ७९, वेग कधी १५, कधी २. २.४ चा उणे ६४, वेग २५ च्या आसपास, पण स्थिर. व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुरतात, त्याला स्थिरपणा हवा असतो. म्हणून लॅपटॉप Ghar_2 वर घातला. हे करताना त्याचं टेबल लोखंडी कपाटाच्या आडोशाला आहे हे लक्षात आलं. टेबल दोन फूट खिडकीकडे सरकवल्यावर ५ चा आकडा उणे ७२ झाला! सेटिंगला हात न लावता मिळालेली ही सुधारणा. कपाट, फ्रिज, मोठा आरसा यांच्या मागे राउटर किंवा लॅपटॉप ठेवू नका.

लॅपटॉपमध्ये नको असलेलं नाव "Forget" करायला विसरू नका. दोन्ही नावं साठवलेली राहिली, तर तो मनाने दुसऱ्यावर उडी मारतो आणि आपण सेटिंग बिघडलं म्हणून शोधत बसतो.

बल्बची गोष्ट छोटी आहे. बहुतेक स्मार्ट बल्ब आणि प्लग, बऱ्याच दारावरच्या घंटा आणि कॅमेरे यांना फक्त २.४ कळतं. जोडताना फोनही Ghar_2 वर ठेवा, आणि राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार फक्त WPA3 असेल तर WPA2 करा. जुनी उपकरणं तिथेच अडतात. बल्ब एकदा जोडला की फोन परत ५ वर न्या, बल्ब चालू राहतो.

तिसरी पायरी चॅनलची. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली की तीनपैकी दोन चॅनलची जागा आपणच व्यापतो आणि अडथळे वाढतात. अ‍ॅपमध्ये १, ६, ११ पैकी ज्यावर शेजाऱ्यांचे आकडे कमजोर असतील तो घ्या. मधला ३ किंवा ८ मोकळा दिसला तरी घेऊ नका, कारण तो दोन्ही बाजूंच्या गोंधळात सापडतो. स्वयंपाकघराचं म्हणाल, तर मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. दूध गरम करताना कॉल अडकत असेल तर कारण ते. ५ ला रुंदी ८० आणि चॅनल ३६ किंवा १४९ ठेवा.

एखाद्या खोलीत दोन्ही आकडे उणे ७५ च्या खाली असतील, तर कोणताही बँड निवडून काम होणार नाही. तिथपर्यंत लॅन केबल नेऊन अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून येणारं नेट तिथे वायफायवर देणारा दुसरा डबा, बसवावा लागतो. नुसता भिंतीतल्या सॉकेटवर लावायचा रिपीटर घ्याल, तर तो मिळेल तोच कमजोर सिग्नल पुढे ढकलतो, आणि एकाच बँडवर घेणं-देणं दोन्ही केलं तर वेग साधारण निम्मा होतो. अ‍ॅक्सेस पॉइंट बसवलात तर मूळ राउटरचं ५ चॅनल ३६ वर आणि नव्याचं १४९ वर ठेवा.