काल्याचं कीर्तन फोनवर रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

सप्ताहातली रात्रीची कीर्तनं फोनवर व्यवस्थित रेकॉर्ड होतात आणि शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला नेमका फोन दगा देतो. मग खापर फुटतं मेमरी कार्डावर. बहुतेक वेळा कार्डाचा काही दोष नसतो. काल्याचं कीर्तन सकाळी दहाच्या सुमारास उभं राहतं, बाराच्या आसपास दहीहंडी फुटते. चैत्र-वैशाखातला सप्ताह असेल तर वर तापलेला पत्रा किंवा मंडपाचं कापड, आणि फोन दोन तास सलग चालू. जो क्षण सगळ्यांना हवा असतो तो अगदी शेवटी येतो, म्हणजे फोन सगळ्यात जास्त तापलेला असताना.

तेव्हा नवीन कार्ड आणण्याआधी रेकॉर्डिंग थांबलं कसं ते पाहा. सुरू केल्यावर थोड्याच वेळात बंद पडलं, चित्र झटके देत होतं किंवा कार्ड संथ असल्याची सूचना आली, तर कार्डावर संशय घ्यायला जागा आहे. फाइल ४ जीबीच्या अगदी जवळ येऊन तुटली असेल तर तो फाइलच्या आकाराच्या मर्यादेचा प्रश्न आहे. आधी स्क्रीन आपोआप मंद झाली, चार्जिंग थांबलं, मग कॅमेरा बंद झाला आणि फोन हाताला चटका देत होता, तर ते उष्णतेचं काम. कार्ड बदलून यात काडीचा फरक पडणार नाही.

कार्डाच्या वेगाबद्दलचा गैरसमज

पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला १०० एमबी किंवा त्याहून मोठा आकडा सहसा कार्डावरून वाचण्याचा असतो. रेकॉर्डिंगला लागतो तो लिहिण्याचा वेग, आणि तोही सलग टिकणारा. त्यासाठी कार्डावरच्या बारीक खुणा बघायच्या. गोलातला १० किंवा यू १ म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू ३ किंवा व्ही ३० म्हणजे किमान ३० एमबी. ए १ आणि ए २ या खुणा ॲप चालवण्यासाठी आहेत, व्हिडिओशी त्यांचा संबंध नाही.

आता फोनची भूक बघा. साध्या १०८०पी, ३० फ्रेमच्या व्हिडिओला बऱ्याच अँड्रॉइड फोनवर सेकंदाला १७ मेगाबिटच्या आसपास लागतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे हे जेमतेम २ एमबी झाले. फोर-के घेतलं तरी साधारण ६ एमबी. अस्सल क्लास १० कार्डाला हे जड नाही. खरी भीती नकली कार्डाची. १२८ जीबी छापलेल्या कार्डात प्रत्यक्षात ८ किंवा १६ जीबीच जागा असते. ती भरली की फाइलींची नावं दिसत राहतात, पण आत काही नसतं. नवं कार्ड आणलं की आधी संगणकावर H2testw हा कार्ड तपासणारा प्रोग्राम चालवून पूर्ण भरून तपासा. वेळ लागतो, पण त्याला पर्याय नाही.

जागेचा हिशोब अंदाजाने करू नका

कीर्तनाला ज्या सेटिंगवर रेकॉर्ड करणार त्याच सेटिंगवर पाच मिनिटं काहीही रेकॉर्ड करा, फाइल किती झाली बघा आणि पाचाने भागा. मिनिटाला १३० एमबी आले तर १२० मिनिटांचे साडेपंधरा जीबी होतात. तेच फोर-केमध्ये मिनिटाला ३६० एमबीच्या आसपास जाऊन ४३ जीबी होतील. महाराज वेळेवर थांबतीलच असं नाही, म्हणून हिशोब अडीच तासांचा धरा आणि वर थोडी जागा मोकळी सोडा. गॅलरीतून पुसलेले व्हिडिओ कचरापेटीत पडून जागा अडवत असतात, तीही रिकामी करा.

३२ जीबीपर्यंतची कार्डं सहसा फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही. वरच्या हिशोबाने तिथे अर्ध्या तासातच मर्यादा येते. काही ॲप आपोआप पुढची फाइल सुरू करतात, काही गपचूप थांबतात. आपलं ॲप काय करतं ते आदल्या दिवशी घरीच चाळीस मिनिटं रेकॉर्ड करून बघावं.

सलग दोन तासांची एकच फाइल

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एमपी ४ फाइलमध्ये कुठलं चित्र आणि कुठला आवाज कुठे आहे याची सूची असते, आणि ती साधारणपणे रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. मधेच बॅटरी संपली किंवा फोन अचानक बंद पडला तर ती सूची लिहायची राहून जाते. मग १० जीबीची फाइल दिसते, पण उघडत नाही. त्याच फोनवरची चांगली फाइल नमुना म्हणून देऊन अशी फाइल दुरुस्त करणारे untrunc सारखे प्रोग्राम आहेत, पण यश येईलच असं नाही.

म्हणून वीस-पंचवीस मिनिटांनी थांबवून लगेच पुन्हा सुरू करा. कीर्तनात त्यासाठी जागा आयत्या मिळतात. नामाचा गजर सुरू झाला, टाळ-पखवाज चढले, की तिथे दोन सेकंद गेले तर कोणाचं बिघडत नाही. दृष्टांत रंगात आलेला असताना मात्र बटणाला हात लावू नका.

उष्णता

ॲपल आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश तापमान सांगते. उन्हाळ्यातला मंडप ती मर्यादा सुरुवातीलाच ओलांडतो. त्यात लोक फोन पॉवर बँकेच्या जलद चार्जिंगला लावून ठेवतात, म्हणजे कॅमेऱ्याच्या उष्णतेत चार्जिंगची भर. फोन सकाळीच पूर्ण चार्ज करा आणि सुरुवातीच्या अर्धा तास आधी काढून निवू द्या. मधे चार्जिंग लागणारच असेल तर जुना, संथ चार्जर लावा, तोही बॅटरी निम्म्यावर आल्यावर. कव्हर काढा, स्क्रीनचा उजेड कमीत कमी ठेवा, विमान मोड लावा. त्याने मधे येणारा फोनही टळतो. स्क्रीन लॉक मात्र करू नका, बहुतेक कॅमेरा ॲप तिथेच रेकॉर्डिंग थांबवतात.

फोनवर ऊन येणार नाही अशी जागा आधीच बघा. कीर्तनाच्या वेळी ऊन कुठे असेल ते आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघितलं की कळतं. स्टँडशेजारी छोटा पंखा ठेवला तर मोठा फरक पडतो, फक्त त्याचा वारा माइकवर येऊ देऊ नका. बर्फ किंवा ओला रुमाल लावायचा नाही, आत दव धरतं. आणि फोर-केचा मोह सोडा: १०८०पी ३० फ्रेमवर फोन कमी तापतो, आणि नंतर हे बघितलंही जाणार आहे फोनवरच.

शक्य असेल तर हंडीसाठी दुसरा फोन राखून ठेवा, शेवटपर्यंत न वापरता, सावलीत. एखाद्या जुन्या फोनवर ध्वनिक्षेपकाजवळ नुसता आवाज रेकॉर्ड करा. मिनिटाला साधारण १ एमबी जागा लागते, फोन फारसा तापत नाही, आणि चित्र मधे तुटलं तरी कीर्तन ऐकायला पूर्ण राहतं.

महाप्रसादाच्या गर्दीत कार्ड उपटून कोणाच्या हातात देऊ नका. फोन निवू द्या, सेटिंगमधून कार्ड अनमाउंट करा, फाइली दोन ठिकाणी कॉपी करा. प्रत्येक फाइलचं शेवटचं मिनिट चालवून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.