इंडिया आणि जर्मनी, दोन्हीकडे जॉब शोधताय? लिंक्डइन प्रोफाइलमध्ये या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एकाच हेडलाइनमध्ये अर्धं इंग्लिश, अर्धं जर्मन कोंबायचं. इथल्या एचआरला अर्धं कळत नाही आणि तिकडच्याला ते अर्धवट वाटतं. लिंक्डइनवर यासाठी वेगळी सोय आहेच, डेस्कटॉपवर आपलं प्रोफाइल उघडलं की बाजूला `Profile language` दिसतं, तिथून दुसऱ्या भाषेतलं व्हर्जन जोडता येतं. मग समोरच्याने साइट जर्मनमध्ये ठेवली असेल तर त्याला जर्मन दिसतं, बाकीच्यांना मेन प्रोफाइल. म्हणून मेन इंग्लिशच ठेवा.

पण लिंक्डइन तुमचा मजकूर स्वतः ट्रान्सलेट करून देत नाही, तो तुम्हालाच लिहावा लागतो, आणि इथेच लोक ऑनलाइन ट्रान्सलेटरमधून काढलेलं तसंच चिकटवून मोकळे होतात. समजा तुम्ही मशीन पार्ट्सचे डिझाइन इंजिनिअर आहात, सॉलिडवर्क्सवर काम करता. जर्मन हेडलाइनमध्ये `Designer` टाकलंत तर तिकडे ते वस्तूच्या दिसण्यावर काम करणारा असं वाचलं जातं, तुमच्या कामाचा माणूस `Konstrukteur` म्हणून शोधतात. हे ओळखायचं सोपं आहे, जर्मन जॉब साइटवर तो शब्द टाका आणि येणाऱ्या जाहिरातींमधलं काम तुमच्यासारखं आहे का बघा. फक्त एक्स्पीरियन्समध्ये ऑफर लेटरवरचं मूळ पद बदलू नका, नाहीतर बॅकग्राउंड चेकला भानगड होते. कामाचं वर्णन खाली जर्मनमध्ये लिहा.

आकड्यांचं पण तेच. "४० लाखांची बचत केली" हे इथे झक्कास वाटतं, पण बाहेरच्याला लाख म्हणजे किती तेच कळत नाही. तिकडच्या व्हर्जनमध्ये ४ मिलियन रुपये लिहा, किंवा सरळ खर्च किती टक्क्यांनी कमी केला ते. सीटीसी आणि नोटीस पिरियड नोकरीडॉटकॉमवर भरा, इथे नकोत.

आता माझं मत जरा कडू लागेल. जर्मन अजून ए२ ला असेल तर जर्मन प्रोफाइल बनवूच नका. ते बघून रिक्रूटर मेसेज जर्मनमध्येच टाकणार, फोनही जर्मनमध्येच, आणि दुसऱ्या वाक्याला तुमची बोबडी वळणार. तोपर्यंत लँग्वेजेस सेक्शनमध्ये जर्मनपुढे `Elementary proficiency` निवडा आणि लेव्हल अबाउटमध्ये लिहा, परीक्षा दिली असेल तर सर्टिफिकेट पण जोडा. बी२ झालं की मग खुशाल बनवा.

आणि बनवल्यावर जॉब बदलला की लोक इंग्लिश अपडेट करतात, जर्मन तसंच राहतं. मग एकात "सीनियर" आणि दुसऱ्यात जुनं वर्णन, बघणाऱ्याला डाउट येतोच. म्हणून काहीही बदललंत की सेटिंग्जमध्ये साइटची भाषा जर्मन करून आपलं प्रोफाइल एकदा उघडून बघा, मधेच इंग्लिश वाक्य दिसलं तर तेवढं ट्रान्सलेट करायचं राहिलंय.